शेऱ्याची ओळ

प्रगतिपत्रकात सर्वांत कमी जागा कोणाच्या वाट्याला येत असेल, तर ती शेऱ्याच्या. गुणांना आणि श्रेणींना रकान्यांवर रकाने असतात. मुलाविषयी काही सांगायला मात्र तळाशी एक ओळ उरते. आणि ती ओळही आपण शिक्षक मंडळी किती सहज भरून टाकतो! ‘प्रगती समाधानकारक’, ‘गणितात कच्चा, लक्ष द्यावे’, ‘हुशार पण चंचल’. चाळीस मुलांची चाळीस पत्रके तासाभरात संपतात. एका मुलाचा शेरा दुसऱ्याच्या पत्रकावर गेला, तरी कोणाच्या लक्षात यायचे नाही.

या महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर मी शिक्षिका झाले. सध्या मच्छे येथील एका मराठी शाळेत पाचवीचा वर्ग माझ्याकडे आहे. खानापूर रस्त्यावरचे हे गाव बेळगावला लागूनच. अर्धे गाव कारखान्यात, अर्धे शेतात. पालक शाळेत येतात ते पाळी सोडून किंवा रोजगार बुडवून. आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: “पोरगं पास हाय न्हवं, बाई?” ‘समाधानकारक’ या शब्दाने त्या प्रश्नाला काय उत्तर मिळते? काहीच नाही. आणि ‘कच्चा’ म्हटल्यावर पालकाला एकच उपाय ठाऊक असतो, पाठीत दोन रपाटे घालायचा.

वर्णन करून नोंद लिहावी, ही कल्पना काही माझी नव्हे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि २०१० पासून अमलात आला. त्याने मूल्यमापन सातत्यपूर्ण आणि सर्वंकष असावे असे सांगितले. महाराष्ट्रात त्याच वर्षी ‘वर्णनात्मक नोंदी’ आल्या, आमच्याकडे आकारिक व संकलित चाचण्या आल्या. पण नोंदी आल्या तशा तयार वाक्यांच्या याद्याही आल्या. ‘परिसरातील घटकांविषयी जिज्ञासा दाखवतो’ हे वाक्य वर्गातल्या कोणत्याही मुलाला चिकटवा, बसते! जे वाक्य सर्वांना बसते, ते कोणाविषयीच काही सांगत नाही. शेरा पारखण्याची माझी कसोटी हीच आहे. नाव झाकून वाचावे आणि मूल ओळखू येते का ते पाहावे.

हे नुसते बोलून पटणार नाही. म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. त्याच्या आधीच्या पत्रकावर ‘गणितात कच्चा’ असा शेरा होता. मी त्याला दहा वजाबाक्या घातल्या. ४५२ मधून १७८ वजा कर म्हटले, तर उत्तर २७४, अगदी बरोबर. अशी सात उदाहरणे होती, सातही बरोबर. उरलेली तीन चुकली. ४०३ मधून १७८ गेले, तर त्याने २७५ लिहिले. बरोबर उत्तर २२५. तिन्ही चुकलेल्या उदाहरणांत वरच्या संख्येच्या मध्ये शून्य होते.

त्याला माझ्यासमोर मोठ्याने बोलत सोडवायला लावले, तेव्हा घोटाळा उघड झाला. तिनातून आठ जात नाहीत हे त्याला कळत होते. शेजारी दशकाच्या घरात शून्य, म्हणून त्याने थेट शतकाकडून एक आणला आणि एककाला देऊन टाकला. चाराचे तीन झाले, तिनाचे तेरा. तेरातून आठ गेले पाच. मग दशकाच्या घरात शून्यातून सात जाईनात, म्हणून उलटे करून सात लिहिले. म्हणजे वजाबाकी त्याला येत होती. शतक मोडले की आधी दहा दशक होतात आणि त्यांतला एक मोडला की मग दहा एकक होतात, ही मधली एक पायरी तेवढी निसटली होती. ‘कच्चा’ या शब्दात हे कुठे दिसते?

त्याची आई बाजारात भाजी विकते. तिला अक्षर जेमतेम वाचता येते, पण सुट्ट्या पैशांचा हिशेब तिला माझ्यापेक्षा चोख येतो. म्हणून शेरा असा लिहिला:

‘तीन अंकी वजाबाकी येते, हातच्याची सात उदाहरणे बरोबर सोडवली. वरच्या संख्येच्या मध्ये शून्य आले की अडतो (४०३ वजा १७८). घरी शंभराच्या चार नोटा व तीन रुपये देऊन त्यांतून १७८ मोजून मागावेत. नोटा त्यानेच मोडाव्यात. नोव्हेंबरअखेर पुन्हा पाहीन.’

पत्रकावरच्या ओळीत हे मावत नाही, म्हणून चिठ्ठी लावली. घरी काय घडते ते पाहा. शंभराची एक नोट मोडली की दहाच्या दहा नोटा हातात येतात. त्यांतली एक मोडली की दहा रुपये सुटे होतात. आता पोराजवळ तीन शंभर, नऊ दहा आणि तेरा रुपये आहेत. त्यातून १७८ दिले की २२५ उरतात. निसटलेली पायरी त्याच्या हातावरच येते.

या शेऱ्यात तीन गोष्टी आहेत: काय येते ते पुराव्यासह, नेमके कुठे अडते ते एका उदाहरणाने, आणि त्या घराला झेपेल असे एकच काम. ‘शिकवणी लावा’ किंवा ‘रोज अभ्यास घ्या’ हे त्या घराला झेपणारे नव्हते.

आणखी एक गोष्ट मला मच्छेतच उमगली. आमच्याकडे पुष्कळ घरांत पत्रक वाचून दाखवते ते मूलच. आपल्याविषयीचा शेरा त्याला आईबापांसमोर मोठ्याने म्हणायचा असतो. ‘मी मंद आहे’ असे कोणते पोर वाचून दाखवील? ते एक तर ओळ गाळते, नाही तर पत्रक दप्तरात लपवते. म्हणून मी स्वभावावर लिहीत नाही, काय घडते ते लिहिते. ‘चंचल’ऐवजी ‘पहिली दहा मिनिटे लेखन करतो, नंतर उठतो’. मात्र गोड करण्यासाठी खरे झाकायचेही नाही. पाचवीतली मुलगी ‘सूर्य’ आणि ‘चंद्र’ यांतल्या रफार-रकारापाशी अडखळत असेल, तर ‘वाचनात प्रगती होत आहे’ हे लिहिणे म्हणजे तिच्या आईला अंधारात ठेवणे. ‘तिसरीचे पुस्तक सलग वाचते, पाचवीच्या पुस्तकात जोडाक्षरांपाशी थांबते’ हे कटू असले तरी उपयोगाचे आहे.

अशा नोंदी ऐन वेळी सुचत नाहीत. मी एक वही ठेवली आहे, दर मुलाला एक पान. रोज पाच मुलांविषयी तारीख घालून दोन ओळी लिहिते. अडतीस मुलांची एक फेरी आठ दिवसांत होते. दसऱ्याच्या सुटीआधी पत्रके लिहायला बसते, तेव्हा निवडायचे काम तेवढे उरते.

तरीही एक अडचण राहते. इस्राएलमधील संशोधिका रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसता लेखी अभिप्राय मिळाला, त्यांचे काम सुधारले. ज्यांना अभिप्रायाबरोबर गुणही मिळाले, त्यांना तसा लाभ झाला नाही. पत्रकावरची श्रेणी मला काढून टाकता येत नाही. म्हणून पालक आले की मी आधी चिठ्ठी वाचून दाखवते आणि पत्रक नंतर उघडते. “पास हाय न्हवं?” हा प्रश्न तेव्हाही येतोच. पण त्या मुलाच्या आईने त्यानंतर दुसरा प्रश्न विचारला: “नोटा खऱ्या द्यायच्या की कागदाच्या चालतील, बाई?”