सरांच्या नावाची हजेरी

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कार्यक्रमासाठी आमच्या तुकडीकडे एक काम आले: प्रमुख वक्त्यांचा परिचय. वक्ते होते आमचेच मराठीचे सर. विषय होता ‘केळुसकर गुरुजी आणि एक पुस्तक’. ब्रह्मगिरीवर धुके उतरलेले, सभागृहाच्या पत्र्यावर पावसाचा ताशा, आणि आम्ही पन्नाशीला टेकलेले चौघे परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखे कागद घेऊन बसलो होतो.

पहिला मसुदा आम्हांला फार आवडला. त्यात सर ‘ज्ञानसूर्य’ होते आणि त्यांना ‘परिचयाची गरज नव्हती’. वसतिगृहात कंदील विझल्यावर कोणी कोणाची नक्कल केली आणि सर दाराशी कसे उभे होते, हा किस्साही होता. घरच्या मंडळींना तो वाचून दाखविला. आम्ही चौघे पोट धरून हसलो; आमची मुले मात्र शांत बसली. तेव्हा ध्यानी आले की हा परिचय सरांचा नव्हता, आमच्या बालपणाचा होता. समोर बसणार होती आठवीची मुले, त्यांचे पालक आणि गावची मंडळी. ज्यांनी सरांना कधी पाहिले नाही, त्यांच्याचसाठी तर परिचय असतो. तो किस्सा सांगितला असता तर सरांना भाषणाआधी हसू आवरत बसावे लागले असते, हेही खरे.

मग सरांनीच एकदा वर्गात सांगितलेली गोष्ट आठवली. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी 1956 साली एक प्रस्तावना लिहिली. ती ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. तीत त्यांनी कृष्णराव अर्जुन केळुसकरांची ओळख करून दिली आहे. हे दादा केळुसकर वडिलांचे स्नेही. विद्यार्थिदशेतील त्यांच्या कौतुकाच्या सभेनंतर दादांनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून आपण फार भारावून गेलो, असे बाबासाहेब लिहितात. विशेषणांची आरास नाही. गुरूने केलेली एक कृती आणि तिचा एका मुलावर झालेला परिणाम, एवढेच. जगाला ज्यांचे नाव ठाऊक होते त्या शिष्याने आपल्या थोरवीची सावली गुरूवर पडू दिली नाही, आणि गुरूपुढे स्वतःला लहान करून दाखविण्याचा देखावाही केला नाही.

आम्हांला वाट सापडली. मसुदा फाडला. सरांना दूरध्वनी करून तीन गोष्टी विचारल्या: नाव जसे हवे तसे, पदवी सांगावी की नाही, आणि एक आठवण सांगितली तर चालेल का. सर म्हणाले, “पदवी कशाला? आणि आठवण कोणती, ते आधी सांगा.” आम्ही सांगितली. क्षणभर थांबून म्हणाले, “चालेल. पण त्या मुलाचे नाव घेऊ नका.”

ती आठवण अशी. आमच्यातल्या एकाला जोडाक्षरे वाचता येत नसत, म्हणून तो वाचनाची पाळी आली की खोकू लागे. सरांनी महिनाभर त्याला वर्गात उभे केले नाही. रात्री जेवणानंतर पडवीत बसवून रोज अर्धे पान वाचून घेतले. एके दिवशी वर्गात त्याचे नाव पुकारले. तो खोकला नाही.

दिवस उजाडला. त्रिसरण-पंचशील झाले, तथागत व बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पे वाहिली. अडचण आली ती भलत्याच ठिकाणी. आमच्यासाठी व्यासपीठावर सरांच्या शेजारी खुर्ची मांडली होती. सर उभे असताना बसावे कसे? सरांनीच हाताने खूण केली, “बसा, आज आपण पाहुणे नाही, निवेदक आहात.” आयुष्यभर ‘अरे’ ऐकलेल्या कानांना तो ‘आपण’ टोचला. आम्ही मात्र ‘सर’ सोडले नाही. माइकवरही ‘आदरणीय श्री.’ म्हटले नाही. आधी सांगितले की हे आमचे शिक्षक होते, मग ती आठवण, मग विषय. विषयात काय सांगणार ते सांगितले नाही, ते सरांचे. नाव शेवटी ठेवले होते.

ज्यांनी रोज सकाळी आमची नावे पुकारली, त्यांचे नाव पुकारण्याची पाळी आली तेव्हा आवाज जरा अडखळला. वसतिगृहातल्या सवयीने सर उठता उठता म्हणाले, “हजर.” सभागृह हसले, आठवीची मुलेसुद्धा. आम्ही कागद घडी घालून शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

भाषण संपल्यावर सरांनी तो कागद मागून घेतला. चहा होईपर्यंत परत दिला. ‘स्मृति’चा ऱ्हस्व ‘ति’ लाल शाईने दीर्घ केला होता, आणि खाली लिहिले होते: “तीन मिनिटे ठरली होती. चार झाली.”