प्रबंधांतील ‘मी’

रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीस परीक्षकांनीं प्रबंधांतील प्रत्येक ‘मी’ खोडावयास सांगितला. तत्त्वज्ञानाच्या तिच्या बंधूस मात्र ‘असें मानण्यांत येतें’ या वाक्यापुढें ‘कोण मानतो?’ असा शेरा मिळाला. आमच्या मतें दुसरा शेरा पुरा रास्त, पहिला अर्धाच. ‘मिश्रण ६० अंशांवर तापविण्यांत आलें’ येथें कर्ता नसला तरी चालतें. कोणीहि तापविलें तरी फल तेंच. परंतु ‘तीन नमुने वगळण्यांत आले’ हें खटकतें. वगळणें हा निर्णय आहे. तो कोणी व कां घेतला हें न कळल्यास वाचकानें निष्कर्ष पारखावा कसा? तेथें ‘ओल शिरल्यामुळें मीं वगळले’ असेंच हवें. वॉटसन व क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३ सालचा लेख तर ‘आम्ही’ या शब्दानेंच सुरू होतो.