डब्यावरची अक्षरे

वस्तूचे वय गंजावरून ठरवता येत नाही. कामोठ्यासारख्या खाडीजवळच्या वस्तीत नवा पत्राही दोन पावसाळ्यांत म्हातारा दिसतो. तिच्यावरची अक्षरे मात्र अधिक विश्वासू साक्षीदार असतात. ‘पार्ले ग्लुको’चे ‘पार्ले-जी’ झाले ते १९८०च्या दशकाच्या आरंभी. एवढे ठाऊक असले की बिस्किटाचे जुने वेष्टनही काळ सांगू लागते.

आमच्या घरी मुंबईच्या एका चहाव्यापाऱ्याचा गोल डबा आहे. आई म्हणते, तो आजोबांनी गिरगावच्या बिऱ्हाडी आणला. आजोबा १९६८ साली गेले. मामा म्हणतात, तो त्यांच्या पहिल्या पगारातला, म्हणजे १९७४चा. दोघांच्याही स्मरणात माया होती. म्हणून निवाडा जपून करावा लागला.

मागे तारीख लिहिलेली तीन छायाचित्रे सापडली. १९६५च्या चित्रात फडताळावर त्याच व्यापाऱ्याचा डबा आहे. रंगांची तुलना मी केली नाही, कारण ते चित्र कृष्णधवल आणि नंतरच्या दोन चित्रांतले रंग उडालेले. अक्षरांचा आकारही थेट मोजला नाही. चित्राच्या आकाराप्रमाणे तो बदलतो. शिरोरेषेची जाडी अक्षराच्या उंचीच्या कितवा भाग आहे, एवढेच पाहिले. गोल डब्यावर कडेची अक्षरे अरुंद भासतात, म्हणून फक्त मधली दोन घेतली. १९६५च्या डब्यावर शिरोरेषा उंचीच्या सुमारे आठवा भाग, किंचित कमानदार, हाताने रेखाटलेली. आमच्या डब्यावर ती पाचवा भाग, सरळ आणि एकसारखी. १९७९च्या चित्रातले नाव आमच्याशी जुळले. १९८६च्या चित्रात बोधचिन्हच निराळे होते.

एवढ्यावर निकाल देता येत नाही. छायाचित्र सांगते ते इतकेच, की ती अक्षरे त्या दिवशी वापरात होती. ती केव्हा सुरू झाली, हे ते सांगत नाही. शिवाय व्यापारी छापून ठेवलेले डबे वर्षानुवर्षे संपवतात, आणि जुने बोधचिन्ह हौसेने पुन्हाही आणतात. म्हणून मोठ्या नावाचा पुरावा बारीक मजकुराशी ताडून पाहावा. त्याला सजवण्याचा मोह कोणाला होत नाही. डब्याच्या तळाशी पत्त्यात ‘मुंबई ४०० ००२’ असे आहे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी ‘मुंबई-२’ असे लिहीत. तेव्हा हा डबा १९७२च्या आधीचा असूच शकत नाही. पुढची मर्यादा सैल आहे: साधारण १९८५च्या आसपास.

मामांचे १९७४ या चौकटीत बसते, सिद्ध मात्र होत नाही. आईचे म्हणणे या डब्यापुरते टिकत नाही. पण आजोबांचा डबा होता, हे १९६५चे चित्र स्पष्ट सांगते. मी ते तिला दाखवले. ती डब्याकडे न पाहता बराच वेळ फडताळाकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “कमानीची रेघ होती खरी.”