तेराला की फेराला?

कळंब तालुक्यातल्या एका घरातून जात्यावरच्या ओव्यांची एक जुनी कॅसेट आमच्याकडे आली. गाणारी आजी आता हयात नाही. टेपरेकॉर्डर जात्याशेजारीच ठेवलेला असावा, कारण तिच्या गळ्याच्या आधी कानावर येते ती दगडाची घरघर.

घुसमटलेला आवाज हा दर वेळी फितीचाच दोष असतो असे नाही. वाजवणाऱ्या यंत्राचे हेड किंचित तिरके असले तरी वरचे ध्वनी पुसले जातात. म्हणून हेडाजवळचा स्क्रू अगदी सावकाश फिरवत, 'स' सर्वांत स्वच्छ ऐकू येतो तिथे थांबून, मगच आम्ही संगणकावर प्रत उतरवली. तरीही एक शब्द अडला. पहिल्या चरणाच्या शेवटी 'आले गं' आणि त्यापुढे काहीतरी '-एराला'. अशा फितीवर स्वर टिकतात, व्यंजनांची सुरुवात तेवढी बुडते.

दुसऱ्या चरणाच्या शेवटी 'शेराला' आहे. तिथे ज्वारीच्या मापाचाच विषय असल्याने त्याबद्दल शंका नाही. यमकाने शब्दाची शेपटी पक्की केली, डोके मात्र मोकळेच राहिले. 'आले तेराला' म्हटले तर ही गोरोबाकाकांच्या तेरची वारी होते. 'आले फेराला' म्हटले तर बाई जात्यावरच बसलेली आहे, दळणाची तिची पाळी आली आहे. एका अक्षरावर ओवी भक्तीची की कष्टाची हे ठरणार!

व्याकरण 'फेराला'च्या बाजूचे वाटते. 'लातूरला', 'सोलापूरला' तसे बोलताना 'तेरला'च म्हणतात. पण ओवी गाताना 'पंढरपुराला' असा लांबवलेला उच्चार सर्रास होतो, तेव्हा हा पुरावा लंगडाच. नातीचे म्हणणे, आजी दरवर्षी तेरला जायची. हे आजीच्या आयुष्याविषयी खरे असेल. त्या चरणात ती काय गायली हे त्यावरून कळत नाही. तिच्या शेजारणीला आम्ही कोणताही पर्याय न सुचवता तुकडा ऐकवला. 'तेर आहे का हो?' असे विचारले असते तर त्यांना तेरच ऐकू आले असते. त्या म्हणाल्या, "काय की बाई, जातंच वाजतंय."

सुदैवाने जात्यावर चरण पुन्हा म्हटला जातो. पहिल्या खेपेस त्या अक्षरावर घरघर चढली होती. दुसऱ्या खेपेस जाते क्षणभर मंदावले आहे. अडलेले अक्षर वगळून त्याआधीच्या 'गं'चा शेवटच तेवढा आम्ही वेगळा काढून ऐकला. पुढे 'त' असता तर जीभ दातांकडे जाताना तो स्वर किंचित उजळला असता. इथे तो काळवंडत मिटतो. ओठ जवळ येताना असेच होते.

संहितेत आम्ही 'फेराला' लिहिले. खाली टीपेत 'तेराला', आणि दोन्ही खेपांची फितीवरची वेळ. नातीला ते फारसे रुचले नाही. टीप मोठ्या अक्षरात छापा, एवढीच तिची अट होती, आणि ती आम्ही मान्य केली आहे.