आधी प्रश्न, मग सभा

देवनहळ्ळी, मंगळवार, रात्र

पुढच्या गुरुवारच्या टाउन हॉलचं निमंत्रण आज लिहून झालं. विमानतळावर २००८ पासून रात्रंदिवस काम चालतं. दुपारी तीनला ‘सर्वांनी यावं’ म्हटलं, तरी रात्रपाळीची माणसं तेव्हा झोपलेली असतात. त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग हीच सभा.

प्रश्न आधी मागवले आहेत. फॉर्म लॉगिनशिवाय उघडतो, कारण लॉगिन मागितलं की निनावीपणावर कुणाचा विश्वास बसत नाही. विभाग आणि पाळीचे रकाने मी काढून टाकले. चार जणांच्या गटात तेवढ्यावरून माणूस ओळखता येतो. सामान चढवणाऱ्यांकडे ऑफिसचा ईमेल नाही, म्हणून कँटीनमध्ये पेटी ठेवली. कन्नड, हिंदी, कुठलीही भाषा चालेल. सारखे प्रश्न एकत्र करताना मात्र जपायला हवं. ‘रात्रीची बस उशिरा का येते?’ याचं ‘वाहतूक सुविधांविषयी’ झालं, की साहेबांना गुळमुळीत उत्तर देता येतं. मूळ शब्द तसेच ठेवणार.

रेकॉर्डिंगचं निमंत्रणातच स्पष्ट लिहिलं: सभागृहात बोलणाऱ्याचा आवाज नोंदला जाईल, नको असेल त्यानं चिठ्ठी द्यावी, निवेदक वाचेल. शुक्रवारी संध्याकाळी कन्नड उपशीर्षकांसह, प्रत्येक प्रश्नाचं मिनिट देऊन दुवा मिळेल. कँटीनच्या पडद्यावर रेकॉर्डिंग तिन्ही पाळ्यांना दाखवू. तीस दिवसांनी रेकॉर्डिंग काढून टाकू. वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांना आठवड्यात लेखी उत्तर मिळेल.

पेटी सोमवारी, रात्रपाळी सुटल्यावरच उघडायची.