किळस कुणाला येते आणि कुणाची येते?

वस्तीतल्या किशोरवयीन मुलामुलींबरोबर आम्ही भावनांवर एक सत्र घेतो. भिंतीवर सहा चेहऱ्यांचा तक्ता असतो: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. मुलांनी चेहरा ओळखायचा आणि तो शेवटचा कुठे पाहिला ते सांगायचं. एका सत्रात आठवीतली एक मुलगी किळसेच्या चेहऱ्यापाशी थांबली. नाक आक्रसलेलं, वरचा ओठ उचललेला. ती म्हणाली, "हा मी रोज बघते. आई जिथे झाडलोटीला जाते तिथल्या काकू पाणी देतात ना, तेव्हा."

आम्ही विचारलं, "चिडलेल्या असतात का?"

"नाही ताई. चिडत नाहीत. चांगल्या बोलतात. फक्त तोंड असं होतं आणि पाणी वरून ओततात."

तिची आई आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून कामाला जाते. मग त्या काकूंना किळस नेमकी कशाची आली? हा प्रश्न आम्ही दोन ठिकाणी नेऊन पाहिला. एक, हा तक्ता ज्या मानसशास्त्रातून आला तिथे. दुसरं, ज्या रसशास्त्राचा आपल्याला शाळेपासून अभिमान बाळगायला शिकवतात तिथे.

पॉल एकमन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९६०च्या दशकाच्या अखेरीस न्यू गिनीतल्या फोरे लोकांकडे गेला. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध फार थोडा होता. तो त्यांना छोटी गोष्ट सांगायचा आणि तिच्याशी जुळणारा चेहरा फोटोंमधून निवडायला लावायचा. बहुतेक चेहरे त्यांनी ओळखले. त्यावरून त्याने मांडलं की काही भावना मूलभूत आहेत, त्यांचे चेहरे माणूस जन्मतःच घेऊन येतो. मोजके फोटो पुढे ठेवून निवडायला लावलं की उत्तरं जुळणारच, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो वाद अजून संपलेला नाही.

नाट्यशास्त्रात आठ रस आणि त्यांचे आठ स्थायी भाव आहेत. त्यातले हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे सहा एकमनच्या यादीशी जवळपास जुळतात. उरतात रती आणि उत्साह. हे जुळणं दाखवून "आमच्या ऋषींना सगळं आधीच ठाऊक होतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण दोन्हीकडचा प्रश्नच वेगळा आहे. माणसाला काय होतं, हे एकमन शोधतो. रंगमंचावर काय दाखवलं म्हणजे प्रेक्षकाला आस्वाद मिळेल, हे भरत सांगतो. जुगुप्सा हा भाव, बीभत्स हा रस. खरी घाण पाहून आपण तोंड फिरवतो. नाटकातली घाण मात्र बसून पाहू शकतो, कारण ती आपल्या अंगावर येणार नसते.

तरी रसशास्त्राची एक गोष्ट आम्हाला कामाची वाटते. ते नुसत्या चेहऱ्यावर थांबत नाही. भाव जागवणारं कारण म्हणजे विभाव. तो अंगावर दिसतो ते अनुभाव. जुगुप्सेचे अनुभाव सांगितलेत: अंग चोरणं, थुंकणं, तोंड वाकडं करणं. बीभत्साचे विभाव म्हणजे विष्ठा, किडे, रक्त असं काही. म्हणजे चेहरा दिसला की विचारायचं, विभाव दाखवा.

आता हा प्रश्न महाडला नेऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती. त्याने ते कधी बाटलं नव्हतं. माणसांची ओंजळ लागली आणि बाटलं. मग सवर्णांनी शुद्धी केली. कशाने? १०८ घागरी पंचगव्याने. शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप.

भरताच्या हिशेबाने यात विभाव शोधा. पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत्र मिसळणं हा बीभत्साचा विभाव होऊ शकला असता, पण तिथे कुणी तोंड वाकडं केलं नाही. किळस आली ती ओंजळीची. तिला ना वास होता, ना रंग. एकमनच्या हिशेबाने पाहिलं तर चेहरा तोच, पण तो कशावर उमटावा हे जन्मतः आलेलं नाही. ते घराघरात शिकवलेलं आहे.

हे शिकवणं इतकं पक्कं का बसतं, याचा धागा पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात सापडतो. त्याने निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं. रोगाचा धोका नाही हे सांगूनही लोकांना तो रस नकोसा झाला. किळस स्पर्शाने पसरते आणि धुऊन जात नाही. विटाळाची सगळी यंत्रणा याच खोडीवर उभी आहे. म्हणून त्या बाईची धुतलेली साडी कामाला येत नाही. स्वच्छता हा उपाय नव्हेच, कारण घाण हे कारण नव्हतंच.

आता दुसरा प्रश्न, किळस कुणाला येते? सातव्या अध्यायात भरत सांगतो की जुगुप्सा आणि भय हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीच्या पात्रांचे भाव, तर उत्साह उत्तम प्रकृतीचा. हसण्यालाही उतरंड आहे. उत्तमांनी स्मित करायचं, अधमांनी खदाखदा हसायचं. "प्रकृती म्हणजे स्वभाव, जात नव्हे," असा बचाव होतो. पण त्याच नाटकांत राजा आणि ब्राह्मण संस्कृत बोलतात, बहुतेक स्त्रिया आणि सेवक प्राकृत. विदूषकासारखे अपवाद आहेत, त्यांनी उतरंड मोडत नाही. शूद्रांना वेद ऐकवता येत नाही म्हणून नाट्य हा पाचवा वेद निर्माण झाला, असं तोच ग्रंथ पहिल्या अध्यायात सांगतो. आम्ही एवढंच म्हणतो की भावनांची ही वाटणी माणसं पाहून केलेली नाही. रंगमंचावर किळस खालच्यांच्या नावावर आहे. गावात नाक मुरडण्याचा हक्क मात्र वरच्यांकडे होता.

एकमनच्या यादीतही एक भर नंतर पडली. १९८६ मध्ये त्याने आणि फ्रीसेनने तुच्छतेचा वेगळा चेहरा मांडला. त्यात ओठाचा एकच कोपरा उचललेला असतो. किळस वस्तूचीही येते, तुच्छता माणसाचीच असते. आमच्या तक्त्यावर ती नव्हती. बाबासाहेबांनी जातीच्या उतरंडीचं वर्णन करताना वर चढत जाणारा आदर आणि खाली उतरत जाणारा तिरस्कार सांगितला होता. त्या काकूंच्या चेहऱ्यावर हाच तिरस्कार किळसेचं रूप घेऊन येतो. तो निसर्गाचा वाटावा यातच त्याची ताकद आहे.

बुद्धानेही किळसेचा उपयोग केला, पण उलट दिशेने. सतिपट्ठानातल्या साधनेत केस, नखं, दात, त्वचेपासून रक्त, पू, मूत्रापर्यंत शरीरातल्या गोष्टी एकेक करून पाहायच्या असतात. आणि सुरुवात करायची ती स्वतःच्या शरीरापासून. ज्याने आपलंच शरीर असं पाहिलं, तो दुसऱ्याच्या ओंजळीला कसा नावं ठेवील? तिथे विभाव सगळ्यांच्याच कातडीखाली आहे.

आम्ही तक्त्यावर आता सातवा चेहरा लावला आहे. आणि प्रत्येक चेहऱ्याखाली एक प्रश्न लिहिला आहे: "हे कुणी शिकवलं?" त्या मुलीने पुढच्या सत्रात त्याचं उत्तर दिलं. "काकूंचा छोटा मुलगा माझ्या हातचा पेरू खातो. त्याला अजून शिकवलं नसेल."

जय भीम!