दहा वाजून सव्वीस मिनिटं सव्वीस सेकंद नावाचं खत

शेतकऱ्यांसाठी मराठीत बोलणारा चॅटबॉट बनवायचा म्हटल्यावर सगळ्यांना वाटतं की अवघड भाग म्हणजे प्रश्न समजणं आणि बरोबर उत्तर शोधणं. तेही अवघड असतंच. पण माझ्या वाट्याला आलं ते शेवटच्या टोकाचं काम. उत्तर तयार आहे, अक्षरात बरोबर आहे, फक्त ते मोठ्याने वाचायचं आहे. टेक्स्ट टू स्पीच, म्हणजे टीटीएस. मजकूर घ्या, आवाज द्या. दोन आठवड्यांचं काम असा अंदाज होता. त्याला आता आठ महिने झालेत.

पहिल्याच डेमोत बॉट म्हणाला, ‘पेरणीच्या वेळी दहा वाजून सव्वीस मिनिटं सव्वीस सेकंदच्या दोन गोण्या द्या.’

खोलीत बसलेले आमचे कृषी सल्लागार, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, चष्मा काढून हसायला लागले. स्क्रीनवर `10:26:26` असं लिहिलेलं होतं. नत्र दहा टक्के, स्फुरद सव्वीस, पालाश सव्वीस. दुकानात जाऊन कुणीही ‘दहा सव्वीस सव्वीस द्या’ म्हणतं. पण आवाजाच्या इंजिनासाठी मध्ये दोन कोलन असलेले तीन आकडे म्हणजे घड्याळ. त्याचं तरी काय चुकलं? त्याला खताचं दुकान माहीत नाही.

आकडा लिहिताना आपण त्याचा अर्थ लिहीत नाही, फक्त खूण लिहितो. `4:30` म्हणजे साडेचार. `1:10` म्हणजे, मिश्रणाचं प्रमाण असेल तर, एकास दहा. `0:52:34` म्हणजे ‘झिरो बावन्न चौतीस’. खूण तीच, वाचन तीन तऱ्हेचं. वाचणारा माणूस शेजारचा शब्द बघून क्षणात ठरवतो, आणि ठरवलं हे त्याला कळतही नाही. मशीनसाठी ते ठरवणं वेगळी पायरी करावी लागते. तिला टेक्स्ट नॉर्मलायझेशन म्हणतात. आवाज तयार होण्याआधी मजकुरातला प्रत्येक आकडा, प्रत्येक संक्षेप पूर्ण शब्दांत लिहून काढायचा. इंजिनापर्यंत आकडा पोचूच द्यायचा नाही. पोचला तर ते स्वतःच्या मनाने वाचतं, आणि आमच्या इंजिनाचं मन बहुधा हिंदीत घडलेलं. `25` चं त्याने ‘पच्चीस’ केलेलं मी स्वतः ऐकलंय.

खताचं कोडं सोपं निघालं. आमच्या बॉटला सेकंदापर्यंत वेळ सांगायची गरज कधीच पडत नाही. त्यामुळे तीन आकडे, दोन कोलन दिसले की खत, असा सरळ नियम केला. दोनच आकडे असतील तर शेजारी ‘वाजता’, ‘सकाळी’, ‘दु.’ आहे का ते बघायचं. ‘प्रमाण’ हा शब्द असेल तर ‘एकास’. सगळ्या जगासाठी बनवलेल्या इंजिनाला हा नियम करता येणार नाही, आम्हाला येतो, कारण आमचं जग छोटं आहे. स्क्रीनवर मात्र `10:26:26` असंच दिसलं पाहिजे, गोणीवर तेच छापलेलं असतं. त्यासाठी इंजिनाला मजकुरासोबत खुणा देता येतात:

```xml
<sub alias="दहा सव्वीस सव्वीसच्या">10:26:26 च्या</sub>
```

‘च्या’ आत घेतलाय, कारण बाहेर सुटा ठेवला तर इंजिन आधी थांबतं आणि मग ‘च्या’ असं वेगळंच म्हणतं, चहा मागितल्यासारखं.

मग आकड्यांची नावं. इंग्रजीत वीसपर्यंतची नावं आणि दहाच्या पटी दिल्या की बाकीचे आकडे चार ओळींच्या कोडने तयार होतात. मराठीत शंभरपर्यंत प्रत्येकाला स्वतंत्र नाव. एकोणसाठ, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी. सूत्र नाही, तक्ताच लागतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि विनोद फॉरवर्ड करत होतो. तक्ता टाइप करताना मात्र मला त्या पद्धतीबद्दल अचानक फार आदर वाटला. तरी आम्ही जुनीच नावं ठेवली, कारण ऐकणारा माणूस पंचावन्न वर्षांचा आहे आणि तो ‘पन्नास पाच’ ऐकून थांबेल.

अपूर्णांकात खरी मजा. `1.5 एकर` म्हणजे दीड एकर. कुणी ‘एक पॉइंट पाच एकर’ म्हणत नाही. आमच्याकडे आलेल्या कोडमध्ये नियम होता की .५ असेल तर पुढे ‘साडे’ लावा. त्यामुळे बॉट ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ म्हणायचा, अगदी बोलायला शिकणाऱ्या पोरासारखा. दीड आणि अडीच हे अपवाद घातले. सव्वा आणि पावणे घातले. मग `0.5` आला. अर्धा एकर, अर्धी गोणी, अर्धं पाकीट. म्हणजे पुढच्या नामाचं लिंग माहीत असल्याशिवाय आकडा वाचता येत नाही! साठेक नामांची यादी केली, लिंगासकट. पाऊण मात्र गुणी आहे, कुणासाठी बदलत नाही.

आणि हे सगळीकडे लावायचं नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर `इमिडाक्लोप्रिड 17.8 SL` असतं. ते ‘सतरा पॉइंट आठ एस एल’ असंच वाचायचं, कारण तो नावाचा भाग आहे. म्हणून दीड-अडीच फक्त पुढे एकक असेल तर. एकर, किलो, लिटर, तास, लाख.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली ती. चाचणीसाठी आम्ही लिहिलेलं एक वाक्य होतं: `10 लि. पाण्यात 2.5 मि.ली. औषध मिसळा.` आवाज आला, ‘दहा लिटर पाण्यात पंचवीस मिली औषध मिसळा.’ स्पष्ट, गोड, आत्मविश्वासाने. दसपट डोस.

मी तीनदा ऐकलं. स्क्रीनवर अडीचच होतं. बॉटचं उत्तर बरोबर, डेटाबेसमधली नोंद बरोबर, लॉगमध्येही बरोबर. चूक फक्त हवेत होती. शोधत गेलो तर आधीच्या कंत्राटदाराच्या कोडमध्ये ही ओळ सापडली:

```python
text = text.replace(".", "")
```

हेतू चांगला होता. मराठी संक्षेपांतली टिंबं इंजिनाला छळतात. प्रत्येक टिंबाला ते वाक्य संपलं असं समजून आवाज खाली आणतं आणि थांबतं. ‘मि.’ थांब. ‘ली.’ थांब. म्हणून कुणीतरी सगळी टिंबं काढून टाकली. `मि.ली.` चं `मिली` झालं, छान. आणि `2.5` चं `25` झालं. आकडे शब्दांत करण्याची पायरी त्याच्या नंतर होती. तिच्यापर्यंत पंचवीसच पोचले, तिने इमानदारीत पंचवीस वाचले.

सरांना ऐकवलं. ते या वेळी हसले नाहीत. म्हणाले, “अहो, वाचता येणारा माणूस बाटलीवरचं बघेल. पण तुम्ही हे बनवताय कुणासाठी?”

दुरुस्ती दोन तासांची. टिंबं सरसकट काढायची नाहीत. आधी आकडे शब्दांत, मग संक्षेपांचा तक्ता, आणि तक्त्यात लांब संक्षेप आधी, म्हणजे `मि.ली.` मधला `मि.` हा ‘मिनिट’ म्हणून उचलला जाणार नाही. त्याशिवाय एक राखणदार बसवला. मूळ मजकुरातले आकडे आणि शब्दांत केलेला मजकूर उलट आकड्यांत आणून दोन्ही जुळतात का बघायचं. जुळले नाहीत तर ते वाक्य बोलायचंच नाही, ‘स्क्रीनवर वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या’ एवढं सांगायचं. आणि लॉगमध्ये आता इंजिनाला नेमकं काय दिलं तेही साठवतो. उत्तर तयार करणाऱ्या मॉडेललाच आकडे अक्षरात लिहायला सांगू, असंही टीममध्ये सुचवलं गेलं. करून पाहिलं. बहुतेक वेळा छान लिहितं, पण एखाद्या वेळी एकोणसाठचं एकोणसत्तर करतं, आणि कधी करेल ते सांगता येत नाही. तक्ता कंटाळवाणा असतो, पण तो मूड बदलत नाही.

संक्षेपांत माझा आवडता `ता.` आहे. `ता. 5 जून` मध्ये तो तारीख, `ता. इंदापूर` मध्ये तालुका. पुढे आकडा की नाव, एवढंच बघायचं. `मु.पो.` चं मुक्काम पोस्ट. किसान कॉल सेंटरचा `1800-180-1551` हा नंबर, मधल्या रेघा गळाल्यावर, बॉटने ‘अठरा अब्ज अठरा लाख एक हजार पाचशे एक्कावन्न’ असा वाचला होता. आकडा म्हणून ते अगदी बरोबर आहे. आता फोन नंबर एकेक अंक सुटा वाचतो, तीन-चार अंकांनंतर श्वास घेऊन, कारण फोनवर एकोणसाठ आणि एकोणसत्तर ओळखणं माणसांनाही जड जातं.

नावांचं मात्र पूर्ण जमलेलं नाही. ज्ञानेश्वर ‘ग्यानेश्वर’ व्हायचे. ते इंजिनाला `द्न्यानेश्वर` असं लिहून दिल्यावर सुटलं. पण च आणि ज यांचं काय करायचं? मराठीत प्रत्येकाचे दोन उच्चार आहेत आणि लिपी एकच अक्षर देते. ‘4 जनावरांना चारा’ हे मोठ्याने म्हणून बघा. चारमधला च तालव्य, चमच्याच्या चासारखा नाही. चाऱ्यातला च दातांजवळचा. इंजिन दोन्ही चार-चार करून ठेवतं, आणि शेतकऱ्याला लगेच कळतं की बोलणारा इथला नाही. `त्सारा` असं लिहून पाहिलं तर त आणि स वेगवेगळे ऐकू येतात, थुंकल्यासारखे. ध्वनिचिन्हं देता येतील असं इंजिन असेल तर `t͡s` देता येतं. आमचं ती खूण घेतं, पण हा आवाज त्याच्या प्रशिक्षणात फारसा नसावा, कारण कधी जमतो, कधी नाही.

नियमही करता येत नाही. ‘ए’ किंवा ‘ई’ पुढे आली तर तालव्य, हे बरंचसं चालतं. ‘आ’ पुढे काहीही होऊ शकतं, चार आणि चारा आहेतच. त्यामुळे पुन्हा यादी. जळगाव दंततालव्य, चंद्रपूर तालव्य. गावांच्या नावांसाठी आम्ही त्या त्या भागातल्या माणसांना फोन करून नाव म्हणायला लावतो. एक आजोबा वैतागून म्हणाले, “आमच्याच गावाचं नाव आम्हाला कशाला विचारता?” मी म्हटलं, “आजोबा, पुण्यातलं यंत्र चुकीचं म्हणतंय.” त्यांनी मग तीनदा म्हणून दाखवलं, सावकाश, तोडून तोडून. यादीत तो त्र्याण्णवावा शब्द आहे.